अचानक दोन-दोन दिसायला लागलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात डोळ्यांची तपासणी करताना "डॉक्टर, डबल दिसाय लागलंय" हे वाक्य मी नेहमी ऐकतो. त्यातले काही जण चष्म्याचा नंबर बदलून घरी जातात. काहींना मात्र मी त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवतो. हा फरक ओळखायची सुरुवात घरी, स्वतःच्या तळहाताने करता येते. खालचे प्रश्न रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत.

मला आत्ताच दोन-दोन दिसायला लागलंय. सगळ्यात आधी काय करू?

आधी बसा. गाडीवर असाल तर ती बाजूला घ्या. मग दूरची एकच ठळक वस्तू निवडा, म्हणजे रस्त्यावरचा दिवा किंवा समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. आता उजवा डोळा तळहाताने झाका. बोटांच्या फटीतून दिसत राहतं आणि चाचणी फसते, म्हणून बोटं वापरू नका. डोळा दाबूही नका, नुसता झाका. दिवा एक दिसतो की दोन? मग हात बदला, डावा डोळा झाका आणि पुन्हा बघा.

कुठलाही एक डोळा झाकला की दुसरा दिवा नाहीसा होत असेल, तर एकेकटा डोळा नीट बघतोय. बिघाड दोघांच्या जोडीत आहे. याला दोन डोळ्यांचं दुहेरी दिसणं म्हणतात. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील, तर दोष त्या उघड्या डोळ्याच्या आतच आहे. हे एका डोळ्याचं दुहेरी दिसणं.

ही चाचणी करून उत्तर कागदावर लिहून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्रास थांबलेला असू शकतो. अशा वेळी त्या कागदावरून मला पुष्कळ कळतं.

एक डोळा झाकूनही दोन दिसतात. मेंदूचं काही असेल का?

बहुधा नाही. यात दुसरी प्रतिमा सहसा पहिलीइतकी ठळक नसते. मूळ अक्षराला फिकट सावली चिकटल्यासारखी दिसते, चंद्राच्या कडेला आणखी एक पुसट चंद्र उगवल्यासारखा वाटतो. कधी दोनाऐवजी तीन-चारही दिसतात.

कारण प्रकाशाच्या वाटेत असतं. डोळ्याच्या पुढच्या काचेला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, बाक आला किंवा आतलं भिंग मोतीबिंदूने एकसारखं गढूळ न होता ठिकठिकाणी बदललं, की एकाच किरणाच्या दोन वाटा होतात. चष्म्याचा तिरका नंबर, कोरडे डोळे, जुन्या जखमेचा डाग हीसुद्धा कारणं असतात. तरुण मुलांमध्ये मी केराटोकोनस मुद्दाम शोधतो. त्यात पुढचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि सतत डोळे चोळणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. लग्नाची जुनी पत्रिका घ्या आणि जाड सुईने तिला एक बारीक भोक पाडा. दुसरा डोळा झाकून त्या भोकातून दूरच्या दिव्याकडे बघा. सावली गायब झाली किंवा बरीच कमी झाली, तर दोष पुढच्या पडद्यात, भिंगात किंवा चष्म्यात आहे, कारण बारीक भोक वाकड्या वाटेने येणारे किरण अडवतं. पापण्यांची दोन-चार वेळा उघडझाप केल्यावर चित्र बदलत असेल, तर कोरडेपणाची शंका घ्या. भोकातून बघूनही दोनच दिसत असतील आणि दाराची चौकट किंवा फरशीच्या रेघा वाकड्या दिसत असतील, तर मागचा पडदा तपासायला हवा. एकेका डोळ्याने बघूनही दोन्ही डोळ्यांना सारखंच अनेक दिसणं मेंदूतल्या दोषामुळेही होऊ शकतं, पण ते क्वचित.

पण हे अचानक कसं सुरू झालं?

बऱ्याचदा ते अचानक झालेलं नसतं, अचानक लक्षात आलेलं असतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तो लख्ख होतो, आणि मग दुसऱ्या डोळ्यातली सावली पहिल्यांदा जाणवते. दोन अपवाद मात्र आहेत. डोळ्याला मार लागल्यानंतर, मग तो चेंडूचा असो, लाकडाचा असो की बैलाच्या शिंगाचा, एका डोळ्याला दोन दिसू लागले, तर आतलं भिंग जागेवरून सरकलेलं असू शकतं. तसंच मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी एकदम असं झालं, तर बसवलेलं भिंग सरकल्याची शंका असते. दोन्ही वेळी त्याच दिवशी दाखवा.

एक डोळा झाकला की नीट दिसतं. मग डोळे चांगलेच आहेत ना?

एकेक डोळा चांगला आहे, हे बरोबर. पण दोन डोळे एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे असतात. एक जरा मागे राहिला तरी नांगराचा तास वाकडा जातो. प्रत्येक डोळ्याला फिरवणारे सहा स्नायू असतात आणि त्यांना मेंदूकडून हुकूम आणणाऱ्या तीन नसा असतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक आहेत, त्यातल्या या तिसरी, चौथी आणि सहावी. मेंदूतलं केंद्र, नस, नस आणि स्नायूचा सांधा, किंवा खुद्द स्नायू, यांपैकी कुठेही बिघडलं तरी दोन्ही डोळे एका जागी टेकत नाहीत आणि मेंदूला दोन ठळक चित्रं मिळतात.

म्हणून "झाकल्यावर नीट दिसतं, म्हणजे साधं असेल" हा निष्कर्ष उलटा आहे. एकदम सुरू झालेलं असं दुहेरी दिसणं त्याच दिवशी तपासून घ्यायचं असतं.

दोन चित्रं शेजारी-शेजारी आहेत की वर-खाली, याने काही फरक पडतो का?

पडतो. रुग्णाने एवढंच नीट सांगितलं, तर माझं निम्मं काम होतं.

शेजारी-शेजारी दिसत असतील, दूर बघताना जास्त आणि वर्तमानपत्र वाचताना कमी त्रास होत असेल, तर मी आधी सहाव्या नसेचा विचार करतो. ही नस डोळा कानाच्या बाजूला वळवते. जवळचं बघताना डोळे नाकाकडे येतात, तिथे तिचं काम कमी असतं, म्हणून वाचताना निभावतं. ज्या बाजूला बघताना दोन चित्रांतलं अंतर वाढतं, त्या बाजूची नस बहुधा अशक्त असते.

वर-खाली किंवा तिरपी दिसत असतील आणि खाली बघताना वाढत असतील, तर चौथी नस. असे लोक जिना उतरताना घाबरतात. जोतिबाच्या पायऱ्या चढताना काही वाटलं नाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला दोन कडा दिसल्या, असं एका आजींनी मला सांगितलं होतं. डोकं एका खांद्याकडे झुकवलं की चित्रं जुळतात, म्हणून मान आपोआप तिरकी राहते. जुने फोटो बघून ही मान लहानपणापासून तिरकी आहे का, ते मी तपासतो. असेल तर दोष जन्मापासूनचा आणि आता फक्त उघडा पडलेला, म्हणजे चिंता कमी.

मला शुगर आहे. शुगरमुळे डबल दिसू शकतं का?

हो. एका रुग्णाचा पूर्ण प्रवास सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

वय ६१, दुधाचा टेंपो चालवणारे काका. पहाटे चारला गोकुळ शिरगावच्या दिशेने जाताना समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे त्यांना चार दिसले. त्यांनी टेंपो थांबवला, तोंड धुतलं आणि एक डोळा मिटून घर गाठलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यांनी नवा चष्मा करून घेतला. तो तयार होऊन येण्यात आठ दिवस गेले आणि त्रास तसाच राहिला. त्या आठ दिवसांत कुणी एक डोळा झाकून बघितला असता, तर हा त्रास नव्या चष्म्याने जाणारा नाही हे कळलं असतं.

माझ्याकडे आले तेव्हा कुठलाही डोळा झाकला की चित्र एक होत होतं. दोन चित्रं शेजारी होती, दूर जास्त, उजवीकडे बघताना सर्वांत जास्त. उजवीकडे बघायला सांगितलं की डावा डोळा पूर्ण वळायचा आणि उजवा मध्येच थबकायचा. पापण्या सरळ, दोन्ही बाहुल्या सारख्या, चेहऱ्याला बधिरपणा नाही, तोल ठीक, ऐकायला नीट. मागच्या पडद्यावर मेंदूतला दाब वाढल्याची सूज नाही. उजव्या बाजूची फक्त सहावी नस गेली होती.

उपाशीपोटीची शुगर २१४, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ९.६ टक्के, रक्तदाब १६०/९६. नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या अशा शरीरात बंद पडतात आणि नस उपाशी राहते. डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, टाळूला हात लावला तरी दुखणं हे मी विचारलं आणि रक्तातल्या सुजेच्या तपासण्या केल्या, कारण पन्नाशीनंतर डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सूजही असंच रूप घेते आणि ती दृष्टी घालवू शकते. तसं काही निघालं नाही.

एमआरआय लगेच करायचा का, यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत. पन्नाशीपुढचा, शुगर-बीपी असलेला रुग्ण, एकच नस, बाकी काही नाही, अशा वेळी काही जण जवळून लक्ष ठेवतात, काही जण सुरुवातीलाच करून घेतात. काकांशी बोलून आम्ही थांबायचं ठरवलं. दोन अटी घातल्या. काहीही नवीन झालं, किंवा तीन महिन्यांत सुधारलं नाही, तर एमआरआय.

औषध कुठलं दिलं, हे सगळे विचारतात. नस जागी करणारं औषध नाही. शुगर आणि बीपी आटोक्यात आणायचं, आणि तोवर चित्र एक ठेवायचं. चष्म्याच्या उजव्या काचेवर आतून पांढरट अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली, टेंपोची किल्ली मुलाकडे दिली. काका रोज संध्याकाळी नाक सरळ ठेवून अंगठा हळूहळू उजवीकडे न्यायचे आणि कुठे दोन होतात ते भिंतीवर खडूने टिपायचे. ही युक्ती त्यांचीच. सहाव्या आठवड्यात खुणा उजवीकडे सरकू लागल्या. अकराव्या आठवड्यात समोर बघताना दिवा एकच होता.

अशा नसा साधारण तीन महिन्यांत सावरतात. म्हणूनच तीन महिन्यांनी न सावरलेली नस मी "शुगरमुळेच" म्हणून सोडून देत नाही. आणखी एक सांगतो. शुगर खूप वाढलेल्या माणसाला दुहेरी दिसण्याबरोबर गाल दुखणं, डोळा सुजून पुढे येणं, नाकातून काळपट स्राव असं असेल, तर ती म्युकर बुरशी असू शकते. २०२१ मध्ये कोविडनंतर आपण ती पाहिली. तिथे तास मोजावे लागतात.

पापणी पडली आहे, पण डबल दिसत नाही. मग थांबलं तर चालेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त भीती घालतो. पापणी पूर्ण पडली की तो डोळा झाकला जातो, म्हणून डबल दिसत नाही. बोटाने पापणी उचला. तेव्हा दोन दिसू लागले, आणि तो डोळा बाहेर आणि खाली वळलेला असेल, तर तिसरी नस गेली आहे.

आता बाहुली बघा, म्हणजे डोळ्यातला मधला काळा गोल. खिडकीसमोर बसवून दोन्ही बाहुल्यांची तुलना करा, आणि मग मोबाइलच्या टॉर्चने एकेक करून. पडलेल्या पापणीच्या डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी असेल किंवा उजेडात आकसत नसेल, तर रिक्षा करून आमच्याकडे येऊ नका. सीटी अँजिओग्राफी आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात सरळ जा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

कारण समजून घ्या. बाहुली आकसवणारे तंतू तिसऱ्या नसेच्या बाहेरच्या कडेवरून जातात. बाहेरून दाब आला, की आधी तेच चेपतात. हा दाब मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीला आलेल्या फुग्याचा असू शकतो. तो फुटला तर जीव जाऊ शकतो, फुटण्याआधी सापडला तर बंद करता येतो. शुगरमुळे नसेच्या आतल्या बारीक वाहिन्या बंद पडतात, तिथे गाभा सुकतो आणि कडेचे तंतू बहुतेक वेळा वाचतात. म्हणून शुगरच्या तिसऱ्या नसेत बाहुली सहसा चांगली असते.

"सहसा" हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या दिवशी चांगली असलेली बाहुली पुढच्या काही दिवसांत मोठी होऊ शकते, आणि नस अर्धवटच गेली असेल तर चांगल्या बाहुलीवर विसंबता येत नाही. वेदनेवरूनही फरक कळत नाही, शुगरच्या नसेतही भुवई ठणकते. म्हणून तिसऱ्या नसेच्या रुग्णाला मी बाहुली कशीही असो, रक्तवाहिन्यांचा स्कॅन करायला सांगतो.

सकाळी ठीक असतं, संध्याकाळी डबल दिसतं. हा थकवा असेल का?

थकव्याने वाढतं, पण नुसता थकवा म्हणून सोडू नका. मायस्थेनिया नावाच्या आजारात नसेचा निरोप स्नायूला नीट पोहोचत नाही. वापरून-वापरून स्नायू दमतो, विश्रांतीनंतर पुन्हा चालतो. आज डावी पापणी पडते, परवा उजवी. आज आडवी दोन, उद्या उभी. बाहुली मात्र कधीच बिघडत नाही. दवाखान्यात आम्ही मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवतो. पापणी स्पष्ट उचलली गेली, तर संशय पक्का होतो आणि रक्ततपासणी सांगतो. गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर ती तातडीची वेळ.

याउलट सकाळी उठल्यावर जास्त, डोळे बटबटीत आणि पापण्या वर खेचलेल्या असतील, तर थायरॉइड तपासा.

रात्री काही नव्हतं, पहाटे उठल्यावर डबल दिसतंय आणि दोन्ही पापण्या जड झाल्यात...

रात्री जमिनीवर, शेतात किंवा गुऱ्हाळावर झोपला होता का? असेल तर मण्यार चावलेला असू शकतो, हे सगळ्यांत आधी मनात आणा. मण्यार झोपेत चावतो, वेदना फारशी होत नाही, खूण कधी सापडतही नाही. पोट दुखतं, मग पापण्या पडतात, डबल दिसतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. नागाच्या विषानेही नसांवर असाच परिणाम होतो, पण तिथे चावल्याची जागा दुखते, सुजते. जखम कापू नका, घट्ट बांधू नका, देवळात नेऊन वेळ घालवू नका. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय गाठा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचताच "सकाळपासून डबल दिसतंय, पापण्या पडल्यात, साप चावल्याची शंका आहे" असं पहिल्या वाक्यात सांगा.

डबल दिसण्याबरोबर काय असेल तर सरळ रुग्णालय गाठायचं?

चालताना झोक जाणं, बोलणं जड होणं, तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, गरगरून उलट्या, किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. ही मेंदूच्या झटक्याची किंवा रक्तस्रावाची लक्षणं असू शकतात. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. डोकेदुखी आडवं झाल्यावर वाढत असेल आणि नजर मधूनच क्षणभर काळी होत असेल, तर डोक्यातला दाब वाढला असावा. तेही त्याच दिवशी दाखवा.

दहा मिनिटं डबल दिसलं आणि आपोआप गेलं. आता दाखवायचं कशाला?

येऊन गेलेला त्रास मेंदूच्या रक्तपुरवठ्यातल्या क्षणिक अडथळ्याचा असू शकतो, आणि मोठा झटका पुढच्या काही दिवसांतच येण्याचा धोका असतो. आजच दाखवा.

बरं होईपर्यंत पट्टी कुठल्या डोळ्यावर? गाडी चालवता येईल का?

मोठ्या माणसाने कुठल्याही डोळ्यावर लावावी, आलटून-पालटून लावली तरी चालते. पट्टीने नस लवकर किंवा उशिरा बरी होत नाही, फक्त चित्र एक होतं. दोन चित्रांतलं अंतर फार बदलत नसेल तर चष्म्याच्या काचेवर चिकटणारं, किरण वळवून चित्रं जुळवणारं प्रिझम लावता येतं. सहा महिने-वर्षभर तिरळेपणा स्थिर राहिला, तर ऑपरेशनचा विचार करतो. गाडी दुहेरी दिसत असताना अजिबात नाही. पट्टी लावल्यावरही सुरुवातीला अंतराचा अंदाज चुकतो. चहा कपाबाहेर ओतला जातो, यावरून समजा. डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे द्या.

आमचा पाच वर्षांचा मुलगा टीव्ही बघताना एक डोळा मिटतो. त्याला डबल दिसत असेल का?

असू शकतं. लहान मुलं "दोन दिसतात" असं क्वचित सांगतात. ती एक डोळा मिटतात, मान वळवून बघतात, नाहीतर मेंदू एका डोळ्याचं चित्र बघायचंच सोडून देतो आणि तो डोळा मंद होतो. म्हणून मुलांना घरच्या घरी पट्टी लावू नका. डोळा नव्याने आत वळलेला दिसला आणि सोबत सकाळची डोकेदुखी किंवा उलट्या असतील, तर शाळेच्या सुट्टीची वाट न बघता आजच मागचा पडदा तपासून घ्या.